अ‍ॅड्रेनलिनचं पेन: कोल्हापूरचा उन्हाळा, संपत आलेली तारीख आणि टोचल्यानंतर स्कूटरवरून दवाखाना?

सावनी_राजारामपुरी | मंगळवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. मुलगा चौथीत आहे, वजन २७ किलो. काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. लहान असताना काजूकतलीच्या एका तुकड्यावर ओठ सुजले, उलटी झाली, आवाज बसला. तेव्हापासून डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं ऑटो-इंजेक्टर, म्हणजे मांडीत टोचायचं तयार इंजेक्शनचं पेन, जवळ ठेवायला सांगितलं आहे. इथे दुकानात ते मिळत नाही, म्हणून माझा भाऊ इंग्लंडहून येताना चिठ्ठी दाखवून दोन एपिपेन घेऊन आला. दोन्ही ०.१५ मिलिग्रॅमची, मुलांची. सुदैवाने अजून वापरायची वेळ आलेली नाही.

आता प्रश्न असे. एक, पेनावर २५ अंशांखाली ठेवा असं लिहिलं आहे आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये घरातच तीसच्या वर जातं. फ्रिजमध्ये ठेवू का? दोन, एका पेनावर याच महिन्याची तारीख आहे, दुसऱ्यावर सप्टेंबर. पहिलं आजच फेकायचं का? तीन, आणि हा खरा प्रश्न आहे. टोचायचं कसं हे व्हिडिओ बघून पाठ झालंय. पण टोचल्यावर लगेच काय? आमच्या घरून सीपीआर रुग्णालय स्कूटरवर दहा मिनिटं. मिस्टर म्हणतात, रुग्णवाहिकेची वाट बघत बसण्यापेक्षा मध्ये बसवून सरळ गाठायचं. मला ते पटतंय, पण खात्री नाही.

मिसळ_कट | ११:४१

वहिनी, मिस्टर बरोबर बोलत्यात. दसरा चौकातनं सीपीआर म्हंजे काय लांब हाय व्हय? टोचायचं, मध्ये बसवायचं, हॉर्न वाजवत सुटायचं. गाडी येईस्तोवर आपण दारात.

आजी_शाहूपुरी | ११:५८

अंगावर पित्त उठतं त्याला एवढ्या सुया कशाला गं बाळा? आमच्याकडे आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावतात, पोटातही देतात. माझ्या नातीला दर पावसाळ्यात उठतं, तासाभरात उतरतं. काजू मात्र देऊ नकोस, उष्ण असतो.

गूळपट्टी | दुपारी १२:१५

आजी, हे पित्ताचं प्रकरण नाही, हे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. पण सावनीताई, घाबरून पेन मारायची गरज प्रत्येक वेळी नसते. मलाही कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. आमचे फॅमिली डॉक्टर एव्हिल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, अर्ध्या तासात ठणठणीत. तुम्हीही आधी अ‍ॅलर्जीची गोळी द्या, पंधरा-वीस मिनिटं बघा, नाहीच उतरलं तर पेन. आणि पेन फ्रिजमध्येच ठेवा. माझ्या वडिलांचं इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारातच असतं, सगळी इंजेक्शनं गारव्यातच टिकतात.

रात्रपाळी | १:३०

मी एका रुग्णालयात अपघात विभागात सिस्टर आहे. बरीच वर्षं झाली. ड्युटीवरून आत्ताच आलेय, त्यामुळे आधी सगळ्यात घाईचं सांगते, बाकी नंतर.

स्कूटर नको. मध्ये बसवून तर अजिबात नको. मुलाला चालत पार्किंगपर्यंत नेणंही नको.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये फक्त घसा सुजत नाही. अंगभर रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. आडवं असेपर्यंत हृदयाला कसंबसं रक्त पोचत असतं. माणूस उभा राहिला की ते पायांकडे उतरतं आणि हृदयाकडे परत यायला काही उरत नाही. मोटर चालू आहे पण विहिरीत पाणीच नाही, तसं. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी २००३ साली अशा मृत्यूंच्या नोंदी तपासून मांडल्या होत्या. त्यात काही जण तोवर शुद्धीत होते, बोलत होते. त्यांना उठवून बसवलं किंवा उभं केलं आणि काही सेकंदांत गेले. स्कूटरवर दोघांच्या मध्ये मूल म्हणजे पाय खाली लोंबकळणारे, धड ताठ आणि मान पडली तरी पुढच्याला कळत नाही. दहा मिनिटं.

म्हणून टोचल्यानंतरचं काम असं. आहे तिथेच जमिनीवर झोपवा, पाय खुर्चीवर किंवा उशांवर वर ठेवा. उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल तर कुशीवर. दम फारच लागत असेल, आडवं झेपत नसेल तर बसू द्या, पण जमिनीवर पाय समोर लांब करून, पाठीला टेकू देऊन. खुर्चीत पाय खाली सोडून नाही. घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा, हातावर पेनाने लिहिलीत तरी चालेल. आणि तेवढ्यात दुसऱ्याने १०८ लावायचा.

मिसळ_कट | १:४४

सिस्टर, मी शब्द मागं घेतो. हे म्हाईतच नव्हतं. आमच्या गल्लीत सगळ्यांना असंच न्हेत्यात, चक्कर असू दे नाय तर हात मोडलेला असू दे.

सावनी_राजारामपुरी | २:०५

सिस्टर, वाचून हातपाय गार पडले. पण मग टोचल्यावर मूल पाच मिनिटांत बरं वाटतंय म्हणालं तर? तेव्हा तरी उठवायचं ना?

रात्रपाळी | रात्री ९:१०

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बारा वर्षांचा मुलगा, काजूची अ‍ॅलर्जी. लग्नाचं जेवण. घरचे तांबडा-पांढरा टाळणारे, कारण पांढऱ्या रश्श्यात काजू वाटून घालतात हे त्यांना ठाऊक होतं. पण वाढप्याने तोच पळी-डाव सुक्क्या मटणात घातला. साधारण ८:४० ला पहिले घास. पाच-सात मिनिटांत तोंडाला खाज, मग पोटात कळ आणि उलटी. घरच्यांना वाटलं जेवण जड झालं. ८:५२ ला खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला, तेव्हा वडिलांच्या डोक्यात लख्ख झालं. ८:५३ ला त्यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, पँटवरूनच पेन मारलं. खिशाची शिवण आणि त्यातल्या किल्ल्या तेवढ्या बाजूला केल्या. इथपर्यंत सगळं उत्तम.

८:५८ ला मुलगा म्हणाला, बरं वाटतंय. खोकला थांबला होता. चुलते म्हणाले, चल, तोंड धुऊन घे, कपडे घाण झालेत. मुलगा उठला, बेसिनपर्यंत गेला आणि पांढराफटक पडून खाली कोसळला. वडिलांनी तिथेच आडवं केलं, पाय प्लास्टिकच्या खुर्चीवर टाकले. ९:०१ ला दुसरं पेन, दुसऱ्या मांडीत. नशीब दोन होती. १०८ ची गाडी आली तोवर डोळे उघडले होते, नाडी लागत होती. गाडीतही आडवंच आणलं.

आमच्याकडे सलाईन, ऑक्सिजन, सगळं झालं. दहा वाजता मुलगा गप्पा मारत होता, आणि घरचे विचारत होते, नेऊ का? डॉक्टरांनी ठेवून घेतलं. रात्री सव्वाच्या सुमारास पुन्हा अंगावर गांध्या आणि छातीत शिट्टी. काजू पोटात नव्याने गेलेला नव्हता, तीच प्रतिक्रिया दुसऱ्यांदा उसळली. पुन्हा अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागलं. सगळ्यांना असं होत नाही, बहुतेकांना होतच नाही. पण कुणाला होणार ते आधी सांगता येत नाही. म्हणून पेनने कितीही बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचं आणि निदान चार-सहा तास नजरेखाली राहायचं. दोन डोस लागले असतील, दमा असेल किंवा घर लांब असेल तर रात्रभर.

पेनचा जोर लवकर ओसरतो. काम झालं म्हणून नाही, औषध शरीरातून जातं म्हणून. पाच मिनिटांनी उतार नसेल किंवा पुन्हा चढत असेल तर दुसरं मारायचं. डॉक्टर दोन लिहून देतात ते एवढ्यासाठीच. एक घरी आणि एक शाळेत अशी जोडी फोडू नका.

गूळपट्टी | ९:३२

सिस्टर, अनुभवाचा आदर आहे. पण एव्हिलने मी बरा होतो हे तर खरं आहे. आणि अ‍ॅड्रेनलिनने हार्ट अटॅक येतो असं ऐकलंय, त्याची भीती नको का?

रात्रपाळी | ९:५५

दादा, तुम्ही एव्हिलने बरे होता कारण तुमची प्रतिक्रिया कातडीपुरती राहिली असेल. गांध्या, खाज, थोडी सूज, याला ती गोळी-इंजेक्शन चांगलीच आहेत. पण ती रक्तदाब उचलत नाहीत आणि घशाची वाटही उघडत नाहीत. स्टेरॉइडला काम सुरू करायलाच काही तास लागतात. श्वास, आवाज, भोवळ, कातडीबरोबर उलट्यांचा सपाटा, यांतलं काही आलं की ते वीस मिनिटं बघणं महागात पडतं. गोळी मागाहून द्या, कुणी अडवत नाही. आणि एक विचारते, कोळंबीने कधी दम लागला होता का? लागला असेल तर पुढच्या वेळेला तुमच्याही डॉक्टरांशी हे बोला.

हृदयाचं म्हणाल तर मांडीच्या स्नायूत या मात्रेने धडधड होते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, मूल घाबरून रडतं. दहा-वीस मिनिटांत ओसरतं. हृदयरोग असलेल्या म्हाताऱ्या माणसात डॉक्टर जास्त काळजी घेतात, पण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये तिथेही पहिलं औषध हेच. ज्या प्रकरणांत काही भयंकर घडल्याचं ऐकता, तिथे बहुतेकदा ते शिरेतून किंवा जास्त मात्रेत गेलेलं असतं.

गूळपट्टी | १०:०४

एकदा लागला होता दम. विचारतो.

औषधवाला_शिवाजीपेठ | बुधवार, सकाळी १०:१५

फ्रिजबद्दल मी सांगतो, दुकान माझं आहे. इन्सुलिन आणि अ‍ॅड्रेनलिन यांची तुलनाच नको. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, एपिपेनला फ्रिजची स्पष्ट मनाई आहे. गारठ्यात आतली स्प्रिंगची यंत्रणा नीट उसळेल याची हमी राहत नाही, आणि मागच्या भिंतीला चिकटून गोठलं तर ते पेन गेलंच समजा.

मग २५ अंशांचं काय? ब्रिटनच्या पेनावर २५ च्या वर नको म्हणतात, अमेरिकेच्या पत्रकात २० ते २५ आणि अधूनमधून १५ ते ३० चालेल म्हणतात. औषध तेच. म्हणजे तुमच्या खोलीत दुपारी दोन तास ३१ झालं म्हणून रात्रीत विष होत नाही, पण तीन महिने रोज तसं झालं तर ताकद हळूहळू कमी होणार. घरातली सगळ्यात थंड जागा शोधा. आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, खालचा कप्पा, पश्चिमेची भिंत टाळून. स्वयंपाकघर नको. आमच्या जुन्या वाड्यात मातीच्या भिंतींच्या खोलीत मे महिन्यातही गारवा असतो, सिमेंटच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहता तर मात्र विचार करा. वीस-पंचवीस रुपयांचा नाही, जरा बरा थर्मामीटर त्या कप्प्यात आठवडाभर ठेवून बघा, अंदाज येईल.

खरा शत्रू गाडी. उन्हात उभ्या कारमध्ये ५० च्या वर सहज जातं, स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत तर खालून इंजिनही तापवतं. रंकाळ्यावर भेळ खायला गेलात आणि पेन डिकीत राहिलं, असं होऊ देऊ नका. ते माणसाबरोबर फिरलं पाहिजे. इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या मिळतात, त्या बऱ्या. बर्फाच्या पिशवीला चिकटवून ठेवायचं नाही.

आणि त्याच्या मूळच्या नळीतच ठेवा. उजेडाने अ‍ॅड्रेनलिन खराब होतं.

सावनी_राजारामपुरी | १०:४०

दादा, खूप आभार. मी आत्ताच बघितलं, पेनाच्या खिडकीतून दिसणारं औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे. म्हणजे ठीक ना? आणि एप्रिलवाल्याचं काय?

औषधवाला_शिवाजीपेठ | ११:२०

स्वच्छ दिसतंय म्हणजे बाद करायचं उघड कारण नाही, इतकंच. अ‍ॅड्रेनलिन हवेने-उष्णतेने बिघडलं की आधी गुलाबी, मग तपकिरी होतं. रंग आला, गढूळ झालं, कण दिसले तर ते पेन बाद, तारीख कितीही पुढची असो. पण उलटं खरं नाही. बिनरंगी औषधाचीही ताकद उतरलेली असू शकते, डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून खिडकीही बघायची आणि तारीखही. दर महिन्याच्या एक तारखेला, दूधवाल्याचा हिशोब करता तेव्हा दोन्ही बघून टाका.

महिना-वर्ष लिहिलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात. म्हणजे तुमचं पहिलं पेन अजून चालू आहे. एप्रिल संपल्यावर? नवीन हातात येईपर्यंत फेकू नका. तारीख गेलेल्या पण स्वच्छ दिसणाऱ्या पेनांत बऱ्याचदा पुष्कळ औषध शिल्लक असल्याचं तपासण्यांत दिसलंय. वेळ आली आणि दुसरं काहीच नसेल तर ते मारा, रिकाम्या हाताने बसण्यापेक्षा बरं. पण त्याच्या भरवशावर वर्ष काढायचं नाही. आधी चांगल्या तारखेचं मारायचं, जुनं राखीव. जुन्यावर मार्करने मोठी फुली मारा, घाईत गोंधळ नको.

फोनवर आठवण तारखेच्या दोन-तीन महिने आधीची लावा. दुकानात मिळत असतं तर आठवडा पुरला असता, तुम्हाला भावाच्या फेरीची वाट बघावी लागते. स्वतःसाठी थोडं औषध आयात करायला केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी मिळते. अर्ज फॉर्म १२अ, परवाना फॉर्म १२ब, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. वेळखाऊ आहे, पण रस्ता आहे. विमानात आणताना केबिनच्या पिशवीत, सामानात टाकायचं नाही.

सातासमुद्रापार | दुपारी ३:०५

मी मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, आता मेलबर्नला. मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, म्हणजे कोल्हापूरला सुट्टीवर येणं हीच कसरत, कूट नाही अशी भाजी सापडत नाही. पेन दोनदा वापरलंय.

व्हिडिओ पाठ झालाय म्हणता, पण हाताला सवय पाहिजे. तारीख गेलेलं पेन नवीन आल्यावर संत्र्यात मारून बघा. तो खटका किती जोरात लागतो हे एकदा कळलं की खऱ्या वेळी माणूस दचकून हात मागे घेत नाही. मूठ वळून धरा, अंगठा टोकावर ठेवू नका. उलटं धरून अंगठ्यातच टोचून घेणारे पालक कमी नाहीत, आणि मग अंगठा पांढरा पडतो, त्यालाही दवाखाना आणि मुलाला औषध मिळालेलं नसतं ते वेगळंच. निळी टोपी आधी काढायची, ती काढल्याशिवाय ते उडत नाही. नारिंगी टोक मांडीवर दाबायचं.

किती वेळ धरायचं यावर आमच्याकडे घरात वाद झाला होता. माझ्याकडच्या जुन्या पत्रकात १० सेकंद, नव्यात ३. लहान मुलं पाय झटकतात आणि सुईने कातडी फाटते, म्हणून कमी केलं. पण जेक्स्ट नावाचं दुसरं पेन येतं, पिवळी टोपी, काळं टोक, त्याला अजूनही १०. आपल्या पेनावर जे छापलंय तेच. आणि पाय दुसऱ्याने घट्ट धरायचा, गुडघ्याच्या वर.

पेन उचलल्यावर नारिंगी टोक लांब होऊन सुई झाकली गेली, खिडकी बंद झाली की ते उडालं. आत औषध हलताना ऐकू येईल, माझ्या बायकोला वाटलं गेलंच नाही. ते तसंच असतं, आत जास्त भरलेलं असतं आणि ठरलेलंच बाहेर येतं. उरलेलं पुन्हा वापरता येत नाही. वापरलेलं पेन फेकू नका, रुग्णालयात दाखवा.

रात्रपाळी | रात्री ८:२०

अगदी हेच. रिकामं पेन हातात मिळालं की आम्हाला मात्रा कळते, वेळ तुम्ही सांगता. नाहीतर नातेवाईक म्हणतात "काहीतरी सुई दिली" आणि आम्ही विचारत बसतो.

सावनीताई, कालपासून एक डोक्यात आहे. मुलगा २७ किलोचा आणि पेन ०.१५ चं. आम्ही मात्रा किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतो, म्हणजे त्याला ०.२७ लागेल. ०.१५ म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. काही पत्रकांत ३० किलोपर्यंत मुलांचं पेन लिहिलेलं असतं, पण पुष्कळ अ‍ॅलर्जीतज्ज्ञ २५ झाले की ०.३ वर नेतात. चिठ्ठी कधीची आहे? नवीन मागवायचीच आहेत तर आधी डॉक्टरांना आजचं वजन सांगा. तोवर वेळ आली तर हातातलं ०.१५ च मारायचं, कमी पडेल म्हणून थांबायचं नाही.

सावनी_राजारामपुरी | ८:४५

चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, तेव्हा २० किलो होता. हे लक्षातच येण्यासारखं नव्हतं. शुक्रवारची वेळ घेतली.

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ७:५०

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमचं गाव गगनबावड्याच्या बाजूला, वाडीत. वडिलांना मधमाशी चावून मागच्या वर्षी शुद्ध हरपली होती. पेन आम्हाला परवडत नाही, आणायलाही कुणी नाही. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनची काचेची कुपी आणि सिरिंज घरी ठेवायला दिलीये, शिकवलंय. पण दोन अडचणी. १०८ ला आमच्याकडे यायला वेळ लागतो, पावसात तर फारच. मग आडवं ठेवून वाट बघत बसायचं की न्यायचं? आणि कुपी फोडून सिरिंज आधीच भरून ठेवली तर चालेल का? माशी चावल्यावर हात थरथरत असताना काच फोडणं जमत नाही हो.

मिसळ_कट | ८:१०

भावा, वाडीत छोटा हत्ती असंलच की कुणाचा. मागं गादी टाकायची, आडवं घालायचं, एकानं जवळ बसायचं. सिस्टर, चालतंय का हे?

रात्रपाळी | सकाळी ८:४०

चालतंय. आधी १०८ लावा, त्यांना सांगा "माशी चावून अ‍ॅलर्जी, श्वास अडकतोय, अ‍ॅड्रेनलिन इतक्या वाजता दिलं". गाडी किती वेळात येते ते विचारा. फार उशीर असेल तर पिकअपमध्ये आडवं, पाय वर, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाकडे, आणि वाटेत रुग्णवाहिका गाठता येते का ते फोनवर ठरवा. कारची मागची सीटही चालेल, कुशीवर झोपवून. दुसरा डोस बरोबर घ्या. माशीची नांगी दिसत असेल तर लगेच खरवडून काढा, पण त्यासाठी इंजेक्शन थांबवू नका.

भरून ठेवलेल्या सिरिंजचं औषधवाले दादा सांगतील.

औषधवाला_शिवाजीपेठ | ११:०५

काही डॉक्टर भरून देतात, पण कुपीतून बाहेर आलेलं औषध कुपीवरच्या तारखेपर्यंत टिकत नाही. काही महिन्यांतच ताकद उतरते, उन्हाळ्यात लवकर. तुमच्या डॉक्टरांनी भरून दिली तर त्यांच्याकडूनच बदलण्याची तारीख लिहून घ्या, सिरिंज काळ्या कागदात किंवा अपारदर्शक डबीत ठेवा, रंग आला की टाका. कुपी-सिरिंज वेगळी ठेवली तर तारीख जास्त, पण तुम्ही म्हणता तसा वेळ जातो. दोन्हीत काहीतरी सोडावं लागतं.

एक मात्र नक्की तपासा, सिरिंज कुठली दिलीये. आमच्याकडे लोक इन्सुलिनची सिरिंज मागून नेतात, बारीक असते म्हणून. ती नको. तिची सुई आखूड, ती स्नायूपर्यंत जात नाही, चरबीतच राहते. आणि तिच्यावरचे आकडे इन्सुलिनच्या युनिटचे. ४० च्या सिरिंजवर ३० ची खूण म्हणजे ०.३ मिलि नव्हे, पाऊण मिलि. अडीचपट. एक मिलिची साधी सिरिंज, एक इंचाची सुई, आणि जिथपर्यंत भरायचं तिथे मार्करने रेघ. कुपीवर १ मिलिग्रॅम प्रति मिलि असंच लिहिलेलं आहे ना, तेही बघा.

डोंगरवाट | ११:३०

इन्सुलिनचीच आहे. नारिंगी टोपीची. दुपारी एसटीने येतोय कोल्हापूरला, तुमचं दुकान किती वाजेपर्यंत? डॉक्टरांनाही फोन लावतो.

औषधवाला_शिवाजीपेठ | ११:३४

रात्री नऊपर्यंत. चिठ्ठी आणि कुपी दोन्ही घेऊन या. पण रेघ डॉक्टरांकडूनच मारून घ्या.

आजी_शाहूपुरी | दुपारी १:१५

सगळं वाचलं, नातीला वाचून दाखवायला लावलं. आमसुलाचं मी मागे घेत नाही, पण नातीला मागल्या खेपेला पित्ताबरोबर उलट्याही झाल्या होत्या. ते पण तसलंच का ग सिस्टर?

रात्रपाळी | ४:५०

आजी, हे मला इथून सांगता येणार नाही. त्याआधी तासाभरात काय खाल्लं होतं, कुठली गोळी घेतली होती, किती उलट्या झाल्या, हे आठवून एका कागदावर लिहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुन्हा तसं झालं तर मात्र आमसूल बाजूला, आधी आडवी झोपवायची आणि १०८.

सावनी_राजारामपुरी | शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

जाऊन आलो. डॉक्टरांनी ०.३ लिहून दिलं, भाऊ जूनमध्ये येतोय, तोवर दोन ०.१५ ची आहेत, त्यांतलं एक तारीख गेलेलं असेल. फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, कपाटात थर्मामीटर ३२ दाखवतोय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराशेजारच्या खोलीत २९. तिकडे ठेवलं तर घरात नाही, इकडे ठेवलं तर तापतंय. सध्या घरातच ठेवलंय, ओल्या कापडी पिशवीत. शाळेच्या व्हॅनचं काय करायचं ते मात्र अजून कळत नाही. व्हॅन दुपारी उन्हात उभी असते आणि दप्तर मागे डिकीत टाकतात. कुणाची मुलं व्हॅनने जातात का? पेन कुठे ठेवता? व्हॅनवाल्या दादांना शिकवलंय का?

सातासमुद्रापार | रात्री ११:४०

आम्ही सुट्टीत येतो तेव्हा कमरेच्या पट्ट्याची पिशवी वापरतो, शर्टाच्या आत. मुलगी कुरकुर करते. शाळेच्या व्हॅनचा अनुभव नाही.

मिसळ_कट | ११:५२

माझा मेव्हणा व्हॅन चालवतोय, उद्या इचारतो. त्याला टोचायला शिकवायचं झालं तर संत्रं मी आणतो.